चेतूच्या फोटोखालच्या दोन ओळी

माझा धाकटा भाऊ चेतू नोकरीसाठी हैदराबादला विमानाने गेला, पण त्याचं सामान विमानतळापर्यंत बाबांच्या सायकलवर गेलं. गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानतळाचं गेट आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. ऑटो कशाला करायचा? कॅरिअरला दोरीने बॅग बांधली, बाबांनी हँडल धरलं, चेतूने मागून बॅगेवर हात ठेवला, आणि आई एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात बाबांचा फोन घेऊन त्यांच्या मागून चालली. त्या फोनात मी होते. व्हिडिओ कॉल सुरू होता आणि आईने फोन उलटा धरला होता, त्यामुळे पूर्ण रस्ताभर मला तिचं लुगडं, तिच्या चपला आणि डिसेंबरातली बिरसीची धूळ एवढंच दिसत होतं.

मी पुण्यात होते, ऑफिसच्या जिन्यात, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये. तिथे रेंज बरी असते आणि कुणी येत नाही. मला घर सोडून नऊ वर्षं झाली. मी निघाले तेव्हा गोंदिया स्टेशनवरून रेल्वेने निघाले, घरचे तिघंही सोडायला आले होते, आणि फोटो काढायचं कुणाला सुचलंच नाही. गाडी हलल्यावर आई खिडकीबरोबर चार पावलं चालली आणि म्हणाली, "येजो." एवढंच. जाताना आमच्याकडे 'जा' म्हणत नाहीत.

गेटपाशी फोटो काढायचा ठरला. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, त्यामुळे जे काय ते गेटबाहेरच. एका टॅक्सीवाल्याच्या हाती चेतूने आपला फोन दिला. तिघं उभे राहिले आणि आई एकदम बाजूला झाली.

"तिघायचा फोटो नाही काढत," ती म्हणाली.

हे तुमच्याकडेही असेल. तिघांचा फोटो काढला की त्यातलं एक जण दूर होतं असं आई मानते. चेतू म्हणाला, "आई, मी दूरच जाऊन राहिलो ना. अजून का होनार हाय?" आईने ऐकलं नाही. टॅक्सीवाल्याला उभं करावं, तर फोटो काढणार कोण? बाबा म्हणाले, सायकल धरू का मधात? शेवटी आईला हातातला फोन आठवला. "बाईले धरतो ना मी. चार होते मंग." बाई म्हणजे मी. तिने फोन सुलटा करून छातीशी धरला, आणि नऊ वर्षांनी आम्हा चौघांचा फोटो निघाला.

माझ्या बाजूने मला फक्त टॅक्सीवाल्याचं पोट दिसलं.

मग चेतूने आईबाबांच्या पाया पडून, फोनातल्या माझ्याकडे बघत, "ताई, जातो," म्हटलं. आईने त्याच्या दंडावर चापट मारली आणि त्याने ते "येतो" केलं. आई म्हणाली, "पोचला का फोन करजो. टायमावर जेवजो." बाबांनी त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, जी नीटच होती. चेतू आत गेला. पाच मिनिटांनी आमच्या घरच्या ग्रुपवर तो फोटो आला आणि त्याखाली बाबांचा व्हॉइस मेसेज: "बाई, फोटो पाठवला चेतूनं. तू लिव आता काही."

आमच्या घरात, मामांकडे, आत्याकडे, कुणाचाही फोटो टाकायचा असला की त्याखालचं मी लिहिते. लग्न, बारसं, नवी मोटारसायकल, दहावीचा निकाल, सगळं. लोक फोटो पाठवतात आणि लिहितात, "दोन ओळी दे." मी ऑफिसच्या बसमध्ये बसून देते. आपली ही एवढीच कला, आणि तिचा मला फार गर्व होता. होता म्हणायचं कारण सांगते.

चेतू याआधी एकदा गेला होता. आयटीआय झाल्यावर त्याला चेन्नईजवळच्या एका कारखान्यात काम मिळालं होतं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गोंदिया स्टेशनवर त्याचा फोटो निघाला, माझ्याकडे आला, आणि मी कॅप्शन लिहिलं. मला ते अजून पाठ आहे: 'तू गेलास आणि घराचा आवाज गेला. अंगणात तुझी गाडी उभी आहे. आई रोज सकाळी ती पुसते आणि काही बोलत नाही.' खाली रडकी तोंडं दोन आणि एक लाल बदाम.

ते कॅप्शन तुफान चाललं. एवढे लाइक मला त्याआधी कधी मिळाले नव्हते आणि पुढेही मिळाले नाहीत. कमेंटमध्ये मावशीने लिहिलं, 'लवकर परत ये बाळा.' पहिली कमेंट जशी पडते तशाच पुढच्या पडतात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मावशीनंतर सगळ्या गावाने तेच लिहिलं. लवकर ये. गाव सुनं झालं. भाऊ, तुझ्याशिवाय क्रिकेटला मजा नाही. चेतू तिकडे आठ जणांच्या खोलीत, भाषा येत नाही, भातावर रोज तेच आंबट पाणी, आणि हातात फोन. अकराव्या दिवशी तो घरी हजर.

घरात आल्या आल्या त्याने आधी गाडी पाहिली. मग आईला विचारलं, "तू रोज पुसत होती का गाडी?"

आई म्हणाली, "कोन पुसते? कोंबड्या बसतेत तिच्यावर."

खरंच तसं होतं. सीटवर वाळलेली कोंबड्यांची शिट होती. गाडी पुसण्याचं मी पुण्यात बसून रचलं होतं. पाच महिने मी घरी गेलेच नव्हते. चेतूने त्या सीटचा फोटो काढून मला पाठवला, खाली काहीही न लिहिता. त्याच्या इतकं चांगलं कॅप्शन मला कधी जमलं नाही.

कारखान्याने त्याची जागा दुसऱ्याला दिली. पुढची दोन वर्षं तो गोंदियात पंखे आणि मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात बसला आणि घरी धानाच्या कामाला लागला. तो कधी म्हणाला नाही की ताई, तुझ्यामुळे. बाबांनी मात्र एकदा म्हटलं, "वापस येनारच होता तो, तुयं लिवनं कायले?" ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. ती पोस्ट मी पुसली नाही. 'फक्त मी' अशी करून ठेवली. दरवर्षी त्या तारखेला फेसबुक ती मला आपणहून काढून दाखवतं, जुनी आठवण म्हणून.

आता हैदराबादच्या एका कंपनीत त्याला काम लागलं होतं. औषधाच्या गोळ्या पॅक करायची मशीन सांभाळायचं, नीट पगाराचं, शिकायला मिळणारं काम. विमानाचं तिकीट मी काढून दिलं. बाबांनी फोनवर कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, लहानपणापासून विमानांखाली वाढला, एकदा बसू दे की आत. बाबा हसले. "बरोबर हाय. विमानातून मधातच उतरता येत नाही." बाबांना सगळं कळतं.

तर जिन्यात मी उभी होते आणि हातात फोटो होता. त्याआधी आईने फोन बंद करताना जे सांगितलं होतं ते कानात होतं: "या बारीस रडवजो नोको त्याले."

चेतूचा मेसेज आला, 'बसलो'. म्हणजे आता फोन बंद. उतरेपर्यंत माझ्याकडे दीडेक तास होता. उतरल्या उतरल्या तो काय करणार हे मला माहीत होतं. आईला फोन आणि मग माझं कॅप्शन. काहीच नसेल तर त्याला वाटेल, ताईला काही वाटलंच नाही. आणि जास्त असेल तर नागपूरकडे येणारी पुढची गाडी कुठली, ते त्याला तोंडपाठ.

खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर पाय जसा आपला वाटत नाही, तसं. रडू नाही, आनंद नाही. मी डबा उघडून पोळीभाजी खाल्ली. भेंडी होती. घरात आता दोघंच उरले, मी निर्धास्त निघाले होते ते चेतू मागे आहे म्हणून, आता मागे कुणी नाही, हे सगळं मला समजत होतं. पण ते मी वाचल्यासारखं समजत होतं.

पहिलं लिहिलं: 'आम्हाला तुझा अभिमान आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' हे ऑफिसात कुणी नोकरी सोडली की कार्डावर लिहितात. पुसलं. मग इंग्रजीत 'प्राउड ऑफ यू ब्रो' लिहिलं. मी त्याला जन्मात ब्रो म्हटलेलं नाही, त्याला वाटलं असतं माझा फोन चोरीला गेला. पुसलं. मग बोटं आपोआप चालली आणि आलं, 'तुझ्या ताटाची जागा...' तिथेच थांबले. आमच्याकडे ताटाची जागा वगैरे नसते. चेतू ताट घेऊन टीव्हीसमोर बसतो. मी परत तेच करत होते.

तेव्हा ठरवलं की जे घडलं नाही ते लिहायचं नाही. आणि काय घडलं हे माहीत नसेल तर विचारायचं. मी आईला फोन लावला.

"का करून राहिली?" मी विचारलं.

"धुऱ्यावर हाओ दोघंही," आई म्हणाली. "विमान पाहून राहिलो."

आमचं शेत विमानतळाच्या भिंतीपासून लांब नाही. धान कापून झालं होतं, धसकटांमधून लाखोरीची डाळ हिरवी झाली होती. गेटवरून दोघं घरी गेलेच नाहीत, सायकल धुऱ्याला, म्हणजे बांधाला, टेकवून तिथेच उभे राहिले. आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात, तिथे विमान चालवायचं शिकवतात, ती लहान, एकाच पंख्याची. बाबा वर न बघता आवाजावरून सांगतात, हे शिकायचं, हे मोठं. पाहुण्यांसमोर मुद्दाम सांगतात.

"गेलं का मग चेतूचं?"

"एक गेलं. तुये बाबा म्हनले हेच. आमी दोघायनं हात हालवला. मोप हालवला. मंग पाहतो तं ते शिकायचं निघालं."

"मग?"

"मंग का? मोठं मांगून आलं. तेव्हा हात दुखून राहिले होते."

मागून बाबांचा आवाज आला, "सांगू नोको तिले."

इतकी वर्षं ज्यांचा कान चुकला नाही, ते बाबा त्या दिवशी शिकाऊ विमानाला हात हलवत उभे होते. वर बसलेल्या कुठल्या तरी मुलाने खाली बघितलं असेल तर त्याला वाटलं असेल, काय प्रेमळ गाव आहे.

हे कॅप्शन झालं असतं. खरं होतं, घडलेलं होतं, आणि मागच्या पोस्टपेक्षा दुप्पट चाललं असतं. माझी बोटं शिवशिवली, हे मी लपवत नाही. पण चेतूने ते वाचलं असतं तर तो विमानतळाच्या बाहेरही न पडता परतीचं तिकीट शोधत बसला असता. तेव्हा मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं की खरं असलं म्हणून सगळंच फोटोखाली लिहायचं नसतं. ते मी माझ्यापाशी ठेवलं.

मग मी फोटो मोठा करून पाहिला. चेतूच्या कपाळावर कुंकू आणि दोन तांदळाचे दाणे. बाबा सायकलचं हँडल न सोडता उभे. आई उजव्या कडेला, आणि तिच्या छातीशी फोन, त्यात नखाएवढी मी. इन्स्टाग्रामवर टाकायला गेले तर ते कडा कापायला लागलं, आईचा हात कापला जात होता आणि त्याबरोबर मीही. मग राहिले असते तिघंच, आणि आईचा सगळा खटाटोप वाया. मी तिथे टाकलं नाही. फेसबुकवर टाकला, पूर्ण, आणि लिहिलं:

'आमचा चेतू आज कामाला लागला. फोटो चौघांचा आहे, मी कुठे आहे ते शोधा.'

एवढंच. बदाम नाही, रडकं तोंड नाही. हात जोडलेली खूणही नाही, कारण कुंकवाचं कपाळ आणि जोडलेले हात दिसले की आमच्या ओळखीतले दोघं-तिघं न वाचताच श्रद्धांजली वाहतात. चेतूला टॅग केलं, म्हणजे फोन सुरू होताच त्याला कळावं. आणि मावशीच्या आधी मामाच्या पूनमला मेसेज केला, आत्ता जा आणि पहिली कमेंट टाक, रडकी नको. पूनम हुशार. तिने लिहिलं, 'ताई दिसलीच नाही, सायकलच्या मागे आहे का?'

झालं. मग सगळे शोधायलाच लागले. कुणी म्हणालं सायकलच्या घंटीत दिसते, कुणी म्हणालं गेटच्या काचेत. चेतूच्या जुन्या दुकानाच्या मालकाने लिहिलं, 'फोटो काढनारी तीच आहे.' मावशी आली तेव्हा तिनेही, 'दिसली गं बाई दिसली, आईच्या हातात,' एवढंच लिहिलं. लवकर ये असं कुणीही लिहिलं नाही. लाइक मात्र मागच्या पोस्टच्या निम्मेही आले नाहीत. मी मोजायचंही सोडून दिलं.

मी परत जागेवर जाऊन कामाला लागले. दुपारी फोन थरथरला. चेतूची कमेंट होती: 'ताई, तुझे डोळे मिटले आहेत.'

मी पुन्हा मोठा करून पाहिलं. खरंच मिटलेले होते. टॅक्सीवाल्याचं पोट बघत होते असं मी समजत होते, आणि नेमक्या त्या क्षणी मी डोळे मिटून घेतले होते. का, ते मला आठवत नाही. तेवढ्यावरूनच कळतं की काहीतरी वाटलं असणार.

पहिले अकरा दिवस आम्ही सगळे मनात मोजत होतो. आई रोज फोनवर त्याला जेवण विचारायची आणि मला विचारायची, "काही बोलला का?" बाराव्या दिवशी चेतूने ग्रुपवर आपल्या मशीनचा फोटो टाकला आणि मला म्हणाला, "ताई, दोन ओळी दे." मी म्हटलं, तुझी मशीन आहे, तू लिही. त्याने लिहिलं, 'ही माझी मशीन आहे.' ते बाबांनी आपल्या स्टेटसला ठेवलं. चोवीस तासांनी स्टेटस गेलं तेव्हा बाबांना वाटलं कंपनीने मशीन काढून घेतली. चेतूने समजावलं, तेव्हापासून ते रोज सकाळी उठून तेच पुन्हा ठेवतात.

शिमग्याला मी घरी गेले. चेतूला नवीन असल्याने सुट्टी नव्हती. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत त्यांना हे माहीत असेल: घरी गेल्यावर पहिल्या दिवशी आपण पाहुणे असतो, दुसऱ्या दिवशी घरचे होतो आणि तिसऱ्या दिवशी निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठले. वरून शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं. आई अंगणात चेतूची गाडी पुसत होती. आधी सीट, मग टाकी, मग आरसे, ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या. सीटवर जुनं पोतं घालायची सोय केली होती, कोंबड्यांसाठी.

मी दारात उभी राहिले. तिला माझी चाहूल लागली. तिने वर पाहिलं नाही.

"कोंबड्या बसतेत," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. फोन खिशात होता, तो काढला नाही. दुसरं फडकं घेतलं आणि मागच्या चाकापाशी बसले. नऊ वर्षं मी घर म्हणजे काय ते लोकांच्या फोटोंखाली लिहीत आले. त्या सकाळी ते समोर होतं, आणि मला त्याच्यावर एक ओळही लिहायची नव्हती.

आज लिहिलंय ते तुमच्यासाठी, जे मागे राहिलात आणि जे निघून आलात. चेतूला कुणी सांगू नका. तसंही तो हे वाचणार नाही. कितीही छान लिहा, 'आणखी पाहा'च्या पुढे तो कधी जात नाही.